चिंचेच्या पाण्यातून पितळ गुलाबी का निघतं?

प्रश्न: काका, श्रावण लागायच्या आधी देवाची भांडी उजळावीत म्हणून पितळी समई, निरांजनं, घंटा आणि तांब्याचं ताम्हण, पळी-पंचपात्र असं सगळं एकाच टबात चिंचेच्या पाण्यात मीठ टाकून रात्रभर भिजत ठेवलं. तारेची घासणीही त्यातच राहिली. सकाळी तांबं छान निघालं, पण समई आणि निरांजनं गुलाबी-लाल झाली. कितीही घासलं तरी पिवळेपणा येईना. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर काळसर ठिपके उठले. समई सासूबाईंची आहे, चांगली जड आहे. पितळ खोटं निघालं का? आता काय करू? (जुळे सोलापूर)

उत्तर:

ताई, समई खरी आहे, काळजी सोडा. खात्रीच करायची तर लोहचुंबक लावून बघा. आत लोखंड आणि वरून पितळी मुलामा असेल तर चुंबक चिकटेल. शिवाय तसल्या वस्तूला चिंचेत रात्रभर ठेवलं असतं तर गुलाबी रंगाऐवजी तांबूस गंज दिसला असता. तुमच्या समईवर जे दिसतंय ते चक्क तांबं आहे. काही तिच्याच अंगातलं उघडं पडलेलं आहे आणि काही शेजारच्या ताम्हणातून येऊन बसलेलं आहे.

हे कसं होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची कृती का करायची ते लक्षात येईल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. पूजेच्या भांड्यांत साधारण 60 ते 70 टक्के तांबं असतं, बाकी मुख्यतः जस्त. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. भांड्यावरचा काळपट-तपकिरी थर हा बहुतेक तांब्याचा ऑक्साइड असतो, आणि ही दोन्ही आम्लं तो थर विरघळवतात. मीठ घातलं की काम आणखी जलद होतं, कारण मिठातलं क्लोराइड विरघळलेल्या तांब्याला धरून ठेवतं. इथपर्यंत सगळं आपल्या सोयीचं आहे.

पण थर विरघळला म्हणजे त्यातलं तांबं गेलं कुठे? ते त्याच पाण्यात राहिलं. सकाळी टबातलं पाणी हिरवट दिसलं असेल, तो रंग त्याचाच. आता त्या पाण्यात एक स्वच्छ झालेली पितळी समई उभी आहे. जस्ताला विरघळून जायची तांब्यापेक्षा जास्त घाई असते. ते समईच्या अंगातून पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी पृष्ठभागावर बसतं. भांडी जितका वेळ आत, तितका हा व्यवहार चालू. तुमच्या टबात ताम्हण आणि पंचपात्रही होतं, म्हणजे पाण्यात तांब्याचा पुरवठा भरपूर. वरून तारेची घासणी. ती लोखंडी असेल, तर आंबट पाण्यात लोखंड पितळाला टेकलं की तांबं बसायचा वेग आणखी वाढतो. घासणी गंजली असेल तर ती लोखंडीच होती असं समजा.

म्हणून पहिला नियम असा की चिंच भिजवायची, भांडं नाही. दुसरा नियम, तांबं आणि पितळ एका पाण्यात कधीच नाही.

आता समईचं बघू. गुलाबी रंग फक्त वरचा आहे की आतपर्यंत जस्त निघून गेलंय हे आधी पाहायचं. त्यासाठी आम्ल नको, बारीक पांढरी पूड हवी. रंगाच्या दुकानात व्हायटिंग मिळतं, ते उत्तम. नाही मिळालं तर साधी पांढरी दंतमंजनाची पूड किंवा पांढरी टूथपेस्ट चालेल. दोन चमचे व्हायटिंग, भिजेल इतकं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून दाटसर लेप करा. समईच्या बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसत नाही अशा जागी, सुती कापडाने थोडा लेप घेऊन घासा. पंधरा-वीस हात मारल्यावर पिवळं डोकावलं तर थर वरवरचा आहे. रात्रभराच्या भिजण्याने बहुधा एवढंच होतं. कापड काळं पडेल, ते पडायलाच हवं. तो निघालेला धातू आहे.

घासूनही गुलाबीच राहिलं, आणि बोटाला ती जागा खडबडीत, मातट लागली, तर जस्त खोलवर गेलंय. तिथे घरी जोर लावू नका. तो भाग मशीनवर बफ करून थोडा धातू काढावा लागतो, आणि ते हाताला सवय असणाऱ्या माणसाचं काम आहे.

समई उघडून घ्या. बैठक, दांड्याचे तुकडे, वाटी आणि वरचा कळस आट्यांवर फिरवून सुटतात. न सुटणारा जोड पकडीने पिळू नका. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून, मग जाड कापडात धरून फिरवा, कारण आट्यांत बसलेलं तेल घट्ट झालेलं असतं. नंतर प्रत्येक तुकडा व्हायटिंगच्या लेपाने घासायचा. दांडा असेल तर त्याच्या लांबीच्या दिशेने, बैठक असेल तर गोलाकार. इकडून तिकडे कसंही घासलं तर बारीक ओरखडे उजेडात दिसत राहतात. नक्षीच्या खोबणीत दात घासायचा जुना, मऊ झालेला ब्रश वापरा. खोबणीतला सगळा गुलाबीपणा गेला नाही तरी हरकत नाही, तो हळूहळू तपकिरी होतो आणि नक्षी उठून दिसते.

पिवळं आलं की लगेच चिंच लावायचा मोह होईल, तो टाळा. या खेपेला चिंचेची गरजच नाही.

काळे ठिपके का आले, याची कारणं दोन. एक तर आम्ल आणि मीठ नुसत्या पाण्याने धुऊन पुरतं जात नाही. कडेच्या वळणात, पायाखाली, आट्यांमध्ये ते राहतं, आणि नुकतंच उघडं पडलेलं धातूचं अंग हवेशी फार पटकन भांडतं. दुसरं आपलं पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून मधल्या दिवसांत बोअरचं वापरतो, आणि ते जड असतं. भांडी न पुसता उन्हात ठेवली की प्रत्येक थेंब सुकताना कडेला क्षार सोडतो आणि त्याखाली डाग धरतो. ऊन लागल्याने भांडी उजळतात असं आपल्याकडे म्हणतात. ओली भांडी उन्हात ठेवली तर उलटंच होतं.

यावर उपाय सोपा आहे. एक लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवा आणि धुतलेलं भांडं त्यात एखादा मिनिट फिरवून काढा, म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं. मग साध्या पाण्याने धुवा. शेवटचा हात जमलं तर फिल्टरच्या पाण्याचा द्या, एक तांब्याभर पुरतं. त्यानंतर लगेच, थेंब सुकायच्या आत, जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या कापडाने कोरडं करा. आट्या आणि बुडाच्या कडा विसरू नका. आत्ता आहेत ते ठिपके व्हायटिंगनेच जातील.

हा सोडा धुतल्यानंतर वापरायचा, लेपात घालायचा नाही. लिंबू आणि सोडा एकत्र केला की फेस येतो आणि काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं, पण प्रत्यक्षात दोघं एकमेकांना संपवून टाकतात. उरतं ते खारट पाणी.

पुढच्या वेळी चिंच कशी वापरायची ते आता सांगतो. चिंच वापरू नका असं मी मुळीच म्हणत नाही. तांब्याला तिच्याइतकं सोयीचं घरात दुसरं काही नाही, कारण कोळ दाट असतो, जिथे लावाल तिथे राहतो, आणि त्याचा चोथाच घासणीचं काम करतो. आमटीला नको झालेली जुनी काळी चिंच याला चालते. लिंबाएवढा गोळा एक वाटी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, चिंचोके, शिरा आणि टरफलांचे तुकडे नीट काढून टाका. ते तुकडेच ओरखडे काढतात. कोळात तांब्यासाठी अर्धा चमचा मीठ घाला, पितळासाठी चिमूटभर किंवा अजिबात नाही. पातळ वाटला तर चमचाभर कणीक किंवा बेसन घालून लेप करा, म्हणजे उभ्या भांड्यावरून ओघळत नाही.

आणि चिंचेच्या आधी भांडं साबणाने धुतलेलं हवं. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. समईच्या वाटीत आणि निरांजनात तेला-तुपाचा कीट असतो, आणि आम्ल त्या चिकटातून खाली पोचतच नाही. मग लोक म्हणतात चिंच लागू पडत नाही, आणि आणखी तासभर ठेवतात. वाटीतला हिरवा चिकट थरही तेलाचाच. जुनं तेल आंबट होतं आणि तांब्याशी मिळून तो हिरवा मळ तयार होतो. गरम पाणी, लिक्विड साबण आणि चमचाभर धुण्याचा सोडा यात वाटी अर्धा तास ठेवा आणि लाकडी काडीने खरवडा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर नको.

काळं सगळं एकसारखं नसतं, हेही याच वेळी कळतं. कापराची आणि वातीची काजळी म्हणजे कार्बन. चिंच काय, कुठलंच आंबट तिला हलवत नाही, ती साबणानेच जाते. ऑक्साइडचा तपकिरी-काळा थर चिंच मिनिटभरात सोडवते. तिसरा एक निळसर-काळा थर असतो, तो गंधकामुळे येतो. भांड्यांना रबर बँड लावून ठेवलं की त्याच आकाराची काळी रेघ उमटते, ती याचीच. चिंचेने तो नीट जात नाही. साबणानंतर चिंच मिनिटभर लावूनही जो डाग जागचा हलला नाही त्याला अधिक वेळ देऊन उपयोग नाही. तिथे व्हायटिंग घ्या.

तांब्याच्या ताम्हणाला लेप लावून एक-दोन मिनिटं बोटांनी फिरवा, रंग सगळीकडे एकसारखा गुलाबी झाला की धुऊन टाका. नवं उघडं पडलेलं तांबं गुलाबी आणि थोडं निस्तेज दिसतं, ते तसंच असतं, पुसल्यावर चमक येते. पितळाला फार तर मिनिटभर द्या आणि तेवढा वेळ हात चालता ठेवा, लेप लावून फोन घ्यायला जाऊ नका. थर जाड असेल तर एकदम लांब वेळ देण्यापेक्षा धुऊन पुन्हा ताजा लेप लावलेला बरा, कारण वापरलेल्या लेपात तांबं उतरलेलं असतं. म्हणूनच आधी पितळ, मग तांबं, आणि दोघांना वेगळ्या वाट्या. पितळाला गुलाबी झाक दिसायला लागली की तिथेच थांबा.

लिंबू कधी? खोबणीत, घंटेच्या दांड्यावर, जिथे कोळ अडकून बसेल तिथे. अर्धं लिंबू मिठात बुडवून घासायची पद्धत तांब्याला ठीक आहे, पण मिठाचे खडे चकचकीत पितळावर रेघा पाडतात. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्वही चालतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा टाकलं की साधारण एक टक्क्याचं पाणी होतं, कापड बुडवून पुसायला ते पुरे आहे. याहून तीव्र केलं तर काम लवकर होत नाही, पितळ लवकर लाल होतं. वापरून झालेलं कोणतंही पाणी तुळशीत किंवा गाईच्या घमेल्यात ओतू नका, त्यात तांबं आहे. मोरीत टाका.

आजीच्या काळची राख-चिंच विचाराल, तर ती चांगलीच होती, पण तुराट्यांची चाळलेली राख फार मऊ असायची. आता लोक बंबातल्या कोळशाची खरबरीत राख, विटेची पूड, नाहीतर उरलेली रांगोळी वापरतात. पाण्याच्या हंड्याला ते चालून जाईल. देवाच्या मूर्तीला नाही. दर आठवड्याला पुडीने घासून नाक-डोळे सपाट झालेले बाळकृष्ण माझ्याकडे येतात, आणि मग घासाघीस अशी की नाक पुन्हा काढून द्या. मूर्तीला रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. चिंच वर्षातून एखाद्या वेळी, तीही लगेच धुवायची. टाक असतील, खंडोबाचे, भवानीचे, तर त्यांना पाण्यात ठेवायचंच नाही. पुढचा पत्रा पातळ आणि मागे वेगळा धातू असतो, मधे पाणी शिरलं की आतून कळंक धरतो. चांदीच्या टाकाला चिंचेचा उपयोगही नाही.

नव्या दुकानी वस्तूंवर कधी कधी पारदर्शक लॅकर असतं. ओळखायचं असं की चमक काचेसारखी असते आणि डाग सगळीकडे न पडता कोळ्याच्या जाळ्यासारख्या तपकिरी रेघांत पडतात, कारण हवा फक्त तडा गेलेल्या जागी आत शिरते. त्यावर चिंच लावून काही होत नाही, फक्त तड्यातून आत जाऊन ती डाग वाढवते. अशा वस्तू ओल्या कापडाने पुसून ठेवाव्यात.

दोन गोष्टी मात्र घरातल्या कुणालाच करू देऊ नका. एक, संडास साफ करायचं आम्ल. ते हायड्रोक्लोरिक असतं, पितळाला क्षणात लाल करतं, त्याची वाफ छातीत जाते, आणि राहिलेलं क्लोराइड नंतर कित्येक दिवस हिरव्या ठिपक्यांनी बाहेर येत राहतं. दुसरी, अमोनियाचा उग्र वास येणारी काच पुसायची किंवा फरशीची द्रावणं. पितळ आणि अमोनिया यांचं वैर जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या तडकायची. घोड्यांच्या तबेल्यांजवळच्या हवेतला अमोनिया त्याला कारण होता, हे पुढे उलगडलं. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळात ताण राहिलेला असतो, त्यावर अमोनिया आणि ओल मिळाली की भेग पडते. कलशाच्या गळ्याला किंवा निरांजनाच्या कानाला आपोआप तडा गेलेला दिसतो तेव्हा मी आधी विचारतो, कशाने धुता? बाटलीतल्या काही धातू-पॉलिशमध्येही अमोनिया असतो. ते वापरलंत तर थोडं घ्या, साबणाने धुऊन पूर्ण काढा, आणि तीर्थाच्या भांड्याच्या आतून लावू नका.

पंचामृताचं विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण ताम्हण आता आतून अगदी उघडं आहे. त्यात दही किंवा लिंबाचं सरबत ठेवू नका. चिंचेतलं आम्ल जसं भांडं उजळतं तसंच दह्यातलं आम्लही तांबं उतरवतं. अभिषेकाला ताम्हणात पंचामृत पडलं तर चालेल, पण वाटायचं ते चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत वेगळं ठेवा. पाणी तांब्यात ठेवायला हरकत नाही.

नीट कोरडी केलेली भांडी सुती कापडात गुंडाळून ठेवा. लोकरीत नको, तिच्यात गंधक असतं. समईला तेल पुसून चमक टिकवायचा सल्ला मिळेल, पण तेच तेल महिन्याभरात हिरवं होतं.

एवढं करूनही समईच्या बैठकीवर लाल पट्टा राहिला, तर मधल्या मारुतीच्या बाजारात भांडी पॉलिश करणारे आहेत, त्यांच्याकडे द्या. देताना सांगा की फक्त गुळगुळीत भाग बफ करायचा, नक्षीवर चाक लावायचं नाही, आणि वाटीला लॅकर मारायचं नाही. ज्योतीच्या उष्णतेने ते जळून तपकिरी होतं, मग ते काढायचे पैसे वेगळे.